चारही पर्याय खरे, उत्तर मात्र एकच

समुद्रसपाटीवर शांत बसलेल्या निरोगी माणसाचा श्वास क्षणोक्षणी कमी-जास्त करण्यात सर्वांत मोठा वाटा कशाचा? पर्याय चार आहेत. पहिला, धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब. दुसरा, त्याच रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब. तिसरा, रक्तातले हायड्रोजन आयन, म्हणजे रक्ताची आम्लता. चौथा, फुप्फुसं किती ताणली गेली हे मेंदूला कळवणाऱ्या चेतातंतूंचे संदेश.

वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे असा प्रश्न आला की तो पर्याय एकेक करून तपासू लागतो. ऑक्सिजन कमी पडला की माणूस धापा टाकतो, म्हणजे पहिला खरा. कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास वाढतो, दुसराही खरा. रक्त आम्लधर्मी झालं तरी श्वास वाढतो, तिसराही खरा. फुप्फुसं फार फुगली की श्वास आत घेणं आपोआप थांबतं, हेही पुस्तकात आहेच. चारही बरोबर निघाल्यावर विद्यार्थी गोंधळतो आणि बहुतेक वेळा ऑक्सिजनवर खूण करून पुढे जातो, कारण श्वास म्हटलं की सगळ्यांच्या मनात आधी ऑक्सिजनच येतो. उत्तर दुसरं आहे.

पर्यायांपैकी एक खरा आणि तीन खोटे, असं या प्रश्नाचं स्वरूपच नाही. चारही पर्याय श्वासावर परिणाम करतात. विचारलेलं आहे ते एवढंच, की या माणसात, या स्थितीत, सर्वांत जास्त परिणाम कोण करतो. ‘हे खरं आहे का’ आणि ‘इथे विचारलंय त्याचं हे सर्वांत योग्य उत्तर आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शरीरक्रियाशास्त्रात त्यांतला फरक जास्त जाणवतो, कारण शरीरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच वेळी चार-पाच यंत्रणा सांभाळत असतात.

कार्बन डायऑक्साइडला पहिला मान मिळतो तो आकड्यांमुळे. विश्रांतीच्या वेळी माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत-बाहेर करतो. एका श्वासाची हवा सुमारे ५०० मिलिलिटर आणि मिनिटाला बारा श्वास, असा हा हिशेब. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो सुमारे ४० मिलिमीटर पारा. तो एका मिलिमीटरने वाढला, तरी मिनिटाची हवा दोन ते तीन लिटरने वाढते. म्हणजे ४० चे ४२ झाले, की श्वसन जवळपास दुप्पट होऊ शकतं. ऑक्सिजनचं तसं नाही. त्याचा दाब निरोगी माणसात १०० च्या आसपास असतो. तो घसरून ७० वर आला तरी श्वसनात फारसा फरक पडत नाही. ६० च्या खाली गेला की मग मात्र श्वास झपाट्याने वाढतो. शांत बसलेल्या निरोगी माणसाचा ऑक्सिजन ६० पर्यंत उतरतच नाही, त्यामुळे रोजच्या श्वासात त्याला फारसं काम उरत नाही. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातही श्वसनाच्या लयीवर ऑक्सिजनचा परिणाम अगदी नगण्य असल्याचं म्हटलं आहे. वाक्य लहान आहे आणि वाचताना निसटून जातं. असे प्रश्न मात्र अशाच वाक्यांवर निघतात.

हे ज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये फुप्फुसांच्या खोल भागातली हवा तपासली. बेन नेव्हिस पर्वताच्या माथ्यावर, कॉर्नवॉलमधल्या खोल खाणीत आणि दाबाखालच्या हवेच्या कोठीत त्यांनी मोजमापं घेतली. बाहेरचा हवेचा दाब बदलला तसा ऑक्सिजनचा दाब बराच बदलला, पण फुप्फुसांतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळपास तोच राहिला. शरीर ज्या गोष्टीला इतक्या काटेकोरपणे एका आकड्यावर धरून ठेवतं, तिच्यावरच श्वास बेतला जातो, हे त्यातून दिसलं.

आता पर्यायांना हात न लावता प्रश्न बदलून पाहू. विमानाने थेट लेहला उतरलेल्या प्रवाशाचा श्वास पहिल्या काही तासांत वाढतो, तो मुख्यतः कशामुळे? लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असते आणि धमनीतला ऑक्सिजनचा दाब ६० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. मानेतल्या मोठ्या धमनीजवळ कॅरॉटिड बॉडी नावाचा अगदी छोटा अवयव असतो. तो ही घसरण ओळखतो आणि मेंदूला श्वास वाढवायला सांगतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि त्याचा दाब ४० च्या खाली जातो. या प्रवाशाच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड श्वास वाढवत नाही, उलट कमी पडून तो श्वासाला आवर घालतो. हा आवर सैल व्हायला काही दिवस लागतात. मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, आणि मगच श्वास पूर्ण वाढतो. लेहला पोचल्यावर पहिले दिवस विश्रांती घ्यायला सांगतात, त्यामागे शरीराला लागणारा हाच वेळ आहे. या प्रश्नाचं उत्तर पहिला पर्याय, म्हणजे मघाशी चुकीचा ठरलेला ऑक्सिजन.

तिसरा प्रश्न. मधुमेहाचा रुग्ण आहे, काही दिवस त्याने इन्सुलिन घेतलेलं नाही. रक्तात किटोन आम्लं साचली आहेत आणि तो खोल, भरभर श्वास घेतो आहे. हा श्वास मुख्यतः कशामुळे वाढला? इथे ऑक्सिजन साधारण ठीक असतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढलेला नसतो, उलट या खोल श्वासामुळे तो ४० वरून बराच खाली आलेला असतो. जो घटक कमी झाला आहे तो श्वास वाढवण्याचं कारण असू शकत नाही. उरली आम्लता. रक्तातले हायड्रोजन आयन मानेतल्या त्याच कॅरॉटिड बॉडीला जागं करतात आणि श्वास वाढतो. उत्तर तिसरा पर्याय. डॉक्टरांच्या भाषेत या श्वासाला कुसमॉल श्वसन म्हणतात.

चौथा पर्यायही एका प्रश्नाचं उत्तर होतो. श्वास इतका मोठा झाला की फुप्फुसं जास्त ताणली जाऊ लागली, तर श्वास आत घेणं मध्येच कोण थांबवतं? हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ मध्ये वर्णन केलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. प्रौढ माणसात ती एका श्वासाची हवा साधारण एक लिटरच्या वर गेल्यावरच जोर धरते. शांत श्वास ५०० मिलिलिटरचा असतो, म्हणून पहिल्या प्रश्नात हा पर्याय खरा असूनही गैरलागू होता. मोठ्या श्वासाच्या प्रश्नात तोच नेमका बसतो.

पर्याय तेच चार, प्रश्न चार, उत्तरं चार. विद्यार्थी पर्यायांकडे टक लावून बसतात, पण निर्णय लागतो प्रश्नवाक्यात. ‘निरोगी’, ‘शांत बसलेला’, ‘समुद्रसपाटीवर’, ‘सर्वांत मोठा’ हे चार शब्द काढून टाकले तर पहिल्या प्रश्नाला उत्तरच राहत नाही.

पाचवा प्रश्न या सगळ्यांहून बारीक आहे. मेंदूच्या लंबमज्जेतल्या रासायनिक संवेदकांना थेट चेतवणारी गोष्ट कोणती? कार्बन डायऑक्साइड, असं उत्तर तोंडावर येतं. पण कार्बन डायऑक्साइड रक्तातून मेंदूत सहज शिरतो, तिथल्या पाण्याशी त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात, आणि हे आयन त्या संवेदकांना चेतवतात. म्हणजे थेट चेतवणारे आहेत हायड्रोजन आयन, आणि तेही मेंदूभोवतीच्या द्रवातले. रक्तातले हायड्रोजन आयन रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत सहज ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे पर्यायात ‘रक्तातले हायड्रोजन आयन’ असतील तर ते चूक, ‘मेंदूभोवतीच्या द्रवातले हायड्रोजन आयन’ असतील तर बरोबर. आणि प्रश्नातला ‘थेट’ हा शब्द काढला, ‘रक्तातला कोणता बदल या संवेदकांमार्फत श्वास सर्वांत जास्त वाढवतो’ असं विचारलं, की उत्तर पुन्हा कार्बन डायऑक्साइडच. एका शब्दाने उत्तर फिरतं, आणि त्यात परीक्षकाचा दुष्टावा नाही. शरीरात कारणांची साखळी असते. कडी कोणती विचारली आहे, ते तो शब्द सांगतो.

अशा पर्यायांना इंग्रजीत डिस्ट्रॅक्टर म्हणतात, मराठीत त्यांना चकवे म्हणायला हरकत नाही. चांगला चकवा बनवणं हे अवघड काम आहे. उगाचच चूक असलेलं वाक्य लिहिलं तर त्याला कोणी फसत नाही. परीक्षेनंतर प्रश्नांची छाननी करताना एखादा चुकीचा पर्याय शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी परीक्षार्थींनी निवडलेला दिसला, तर तो निकामी मानला जातो, कारण त्याने कोणाचीच पारख केली नाही. उपयोगी चकवा अर्धवट तयारी असलेल्याला ओढतो आणि पक्की तयारी असलेल्याला ओढत नाही. म्हणून तो बहुतेक वेळा खरंच विधान असतो, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कधी परिणामाला कारण म्हणून पुढे केलेलं असतं, कधी सावकाश होणारी गोष्ट तातडीच्या जागी ठेवलेली असते, कधी आजारातलं सत्य निरोगी माणसावर लावलेलं असतं.

सावकाश आणि तातडी यांचा घोळ रक्तस्रावाच्या प्रश्नात चांगला दिसतो. अपघातात एखाद्या तरुणाचं लिटरभर रक्त गेलं. रक्तदाब सावरण्यासाठी शरीर काय काय करतं? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधले दाबसंवेदक काही सेकंदांत हृदयाचा वेग वाढवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडातून निघणाऱ्या रेनिनपासून सुरू होणारी साखळी जोर धरायला काही मिनिटं घेते. ऊतींमधलं पाणी केशवाहिन्यांत सरकून रक्ताचं आकारमान भरून निघायला मिनिटं ते तास लागतात. नव्या लाल पेशी तयार व्हायला दिवस आणि आठवडे जातात. चारही गोष्टी घडतात आणि चारही रक्त गेल्याची भरपाईच करतात. ‘सर्वांत आधी’ असं विचारलं तर दाबसंवेदक, ‘गेलेल्या लाल पेशी भरून काढणारी’ असं विचारलं तर एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक. हा प्रश्न चुकणाऱ्याला बहुधा चारही यंत्रणा पाठ असतात. प्रत्येकीला लागणारा वेळ त्याने कधी लिहून ठेवलेला नसतो.

विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नांत तर ही कसोटी उघडच मांडलेली असते. उदाहरणार्थ, विधान असं की उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसांच्या रक्तात लाल पेशी जास्त असतात. कारण असं की उंचावर ऑक्सिजन कमी असल्याने कॅरॉटिड बॉडी चेतून श्वास वाढतो. विधान खरं आहे, दिलेलं कारणही स्वतंत्रपणे खरं आहे. पण श्वास वाढल्याने लाल पेशी वाढत नाहीत. त्या वाढतात ते मूत्रपिंडातून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिनमुळे. ऑक्सिजनची कमतरता दोन्हींच्या मागे आहे, म्हणून दोन्ही एकमेकांना जोडलेली भासतात. अशा जोडीची परीक्षा करायची सोपी रीत म्हणजे दोन वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून मोठ्याने वाचायचं. श्वास वाढला म्हणून लाल पेशी वाढल्या, हे वाक्य कानाला खटकतं. योग्य पर्याय, दोन्ही खरी पण कारण हे विधानाचं स्पष्टीकरण नाही.

प्रत्यक्ष नीटच्या प्रश्नपत्रिकांत याचे नमुने आहेत. २०१८ च्या परीक्षेत दमा आणि एम्फिसीमा या आजारांत फुप्फुसांची अवस्था अनुक्रमे कशी असते, असं विचारलं होतं. दम्यात श्वासनलिकांच्या बारीक शाखांना सूज येते, एम्फिसीमात वायुकोश फुटून वायूंच्या देवाणघेवाणीचा पृष्ठभाग कमी होतो. एका पर्यायात हे बरोबर क्रमाने होतं, दुसऱ्यात हीच दोन विधानं उलट क्रमाने. दोन्ही पर्यायांतला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या आजाराला लागू होता. फरक फक्त ‘अनुक्रमे’ या शब्दाचा.

त्याहून बोलकी जोडी आहे २०१६ आणि २०१७ ची. २०१६ मध्ये नीटची परीक्षा दोन टप्प्यांत झाली. दुसऱ्या टप्प्यात विचारलं होतं, की दोन श्वासांच्या मध्ये फुप्फुसं मिटून का जात नाहीत आणि काही हवा कायम आत का राहते. पर्याय सगळे दाबाविषयी होते आणि उत्तर होतं, फुप्फुसांभोवतीच्या पोकळीतला ऋण दाब फुप्फुसांच्या भिंती बाहेर ओढून धरतो. पुढच्याच वर्षी विचारलं, की जोराने श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटत नाहीत ते कशामुळे. या वेळी चारही पर्याय हवेच्या आकारमानाचे होते, आणि उत्तर होतं अवशिष्ट आकारमान, म्हणजे कितीही जोराने श्वास सोडला तरी आत उरणारी सुमारे ११०० ते १२०० मिलिलिटर हवा.

ज्याने आदल्या वर्षीचा प्रश्न पाठ केला होता, तो दुसऱ्या प्रश्नात ऋण दाब शोधत बसला असणार, आणि तो पर्यायांत नव्हताच. काटेकोरपणे पाहिलं तर ‘अवशिष्ट आकारमानामुळे वायुकोश मिटत नाहीत’ हे कारण अपुरं आहे. हवा उरते, कारण छातीचा पिंजरा ठरावीक मर्यादेपलीकडे दबत नाही आणि बारीक श्वासनलिका आधीच बंद होतात. वायुकोशांच्या आतल्या अस्तरावरचा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थही त्यांना मिटू देत नाही. तरीही दिलेल्या चार पर्यायांत अवशिष्ट आकारमानाइतकं जवळचं दुसरं काही नाही. एका श्वासाची हवा किंवा जोराने बाहेर टाकता येणारी जादा हवा तर तोपर्यंत निघूनच गेलेली असते. ‘सर्वांत योग्य’ याचा अर्थ इथे दिसतो. तो जगातलं सर्वोत्तम स्पष्टीकरण असा नसून समोरच्या चौघांतलं सर्वांत जवळचं असा आहे.

प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी मात्र ही पळवाट ठरू नये. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेचे प्रश्न नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स ही संस्था तयार करते. प्रश्न लिहिणाऱ्यांना तिची सूचना अशी, की पर्याय हाताने झाकले तरी तयारीच्या विद्यार्थ्याला नुसत्या प्रश्नवाक्यावरून उत्तर देता आलं पाहिजे, आणि चारही पर्याय एकाच जातीचे असले पाहिजेत, म्हणजे त्यांना कमी योग्य ते अधिक योग्य असं एका रांगेत लावता येईल. श्वासाचे आपले पाचही प्रश्न झाकून सोडवता येतात. २०१७ चा तो प्रश्न झाकून सोडवला, तर बरेच चांगले विद्यार्थी सर्फॅक्टंट किंवा ऋण दाब म्हणतील आणि त्यांचं शरीरशास्त्र चूक नसेल. तो प्रश्न या कसोटीवर कमी पडतो.

दुसरी मर्यादा पाठ्यपुस्तकाची आहे. एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातल्या कोणत्या पेशी तयार करतात? अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात उत्तर आहे, जक्स्टाग्लोमेरुलर पेशी. एमबीबीएसला गेल्यावर तोच विद्यार्थी शिकतो, की हे काम मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागात नलिकांच्या शेजारी असलेल्या इंटरस्टिशिअल पेशी करतात. आजच्या शास्त्रानुसार दुसरं बरोबर आहे. पण नीटचा अभ्यासक्रम शाळेच्या पुस्तकांना बांधलेला आहे, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी पहिल्या उत्तराला गुण मिळतात आणि पदव्युत्तर परीक्षेत दुसऱ्याला. विद्यार्थ्याला दोन्ही माहीत असावं आणि कोणत्या दारात कोणतं चालतं हेही. शिक्षकांनी मात्र ‘पुस्तकात आहे म्हणून’ एवढ्यावर थांबू नये. ही तफावत आहे, हे वर्गात उघड सांगावं.

पुस्तकाची आवृत्ती बदलली तर काय होतं, ते २०२४ मध्ये देशाने पाहिलं. नीटमधल्या अणूविषयीच्या एका प्रश्नात विधान होतं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असं सुधारलं होतं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं आणि समितीने एकच उत्तर बरोबर ठरवलं. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या ६७ जणांपैकी ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नाच्या सवलतीवर उभे होते. सुधारित निकालानंतर पहिल्या क्रमांकावर १७ जण उरले. प्रश्न भौतिकशास्त्रातला होता, पण ‘प्रत्येक’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द शरीरक्रियाशास्त्रातही तितकेच निर्णायक आहेत.

आता गुणांचा हिशेब. नीटमध्ये १८० प्रश्न, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे बरोबर येऊ शकलं असतं ते चुकलं, तर फरक पाच गुणांचा पडतो. दोन पर्याय नक्की बाद झाले आणि उरलेल्या दोघांत निव्वळ अंदाज केला, तर सरासरी दीड गुण पदरात पडतो. काहीच माहीत नसताना चौघांत अंदाज केला तरी सरासरी पाव गुण मिळतो. म्हणून शिकवणीच्या वर्गांत, लातूरपासून नागपूरपर्यंत, ‘दोन उरले की खूण कर’ असा सल्ला मिळतो.

हिशेब बरोबर आहे, पण एका अटीवर. अंदाज खरोखरच चिठ्ठी टाकल्यासारखा असायला हवा. जवळच्या चकव्यांपुढे तो तसा नसतो. चकवा अर्धवट आठवणाऱ्याला ओढण्यासाठीच घडवलेला असतो, म्हणून ‘मला हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं’ या भावनेने केलेली खूण चिठ्ठीपेक्षाही वाईट ठरू शकते. पाचांत एकदा बरोबर येईल इतकी शक्यता असेल तिथे नफा-तोटा शून्य होतो, आणि त्याखाली प्रत्येक खूण नुकसान करते. ओळखीच्या वाक्याकडे मन धावलं, की त्याच वेळी प्रश्नवाक्य पुन्हा वाचायला हवं. कोणाचं शरीर, कोणती अवस्था, किती वेळात, कशाच्या तुलनेत?

अभ्यास करतानाही याचा उपयोग होतो. श्वसनाचं प्रकरण वाचताना विद्यार्थ्याने वहीत यंत्रणांची नावं लिहिली तर त्याला चारही पर्याय खरे वाटत राहतील. नावापुढे ती किती दाबाला जागी होते, किती वेळात काम करते आणि कोणत्या माणसात तिचं महत्त्व वाढतं, हे तीन तपशील लिहिले की तेच चार पर्याय आपोआप एका रांगेत उभे राहतात. सराव परीक्षेत चुकलेल्या प्रश्नाखाली फक्त बरोबर उत्तर लिहिण्याऐवजी, आपण निवडलेला पर्याय कोणत्या प्रश्नाचं उत्तर ठरला असता, ते लिहून पाहावं. ऑक्सिजन निवडला होता, तर त्याखाली ‘लेहचा प्रवासी’ असं लिहावं. चूक कुठे झाली ते त्या एका ओळीत दिसतं.

मराठीतून नीट देणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्यांच्या प्रश्नपुस्तिकेत प्रत्येक प्रश्न इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेला असतो, आणि भाषांतरात तफावत निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. उत्तर ज्या शब्दावर फिरतं तो ‘मुख्यतः’, ‘थेट’, ‘सर्वांत आधी’, ‘अनुक्रमे’ असा एखादा लहानसा शब्द असतो आणि भाषांतरात तोच आधी गळतो किंवा बदलतो. म्हणून मराठीतून प्रश्न वाचून झाला आणि दोन पर्याय जवळचे वाटले, की खूण करण्याआधी त्याच प्रश्नाचं इंग्रजी वाक्यही एकदा वाचा.